आरंभीची शिल्लक

आमच्या कार्यालयात हिशेबाचं टेबल माझ्याकडे आहे. कऱ्हाडजवळच्या एका अनुदानित महाविद्यालयात मी कनिष्ठ लिपिक. विद्यार्थ्यांच्या फीची किर्द, बँकेशी ताळमेळ आणि दर महिन्याचं पगारपत्रक ही माझी कामं. मी नोकरीला लागलो तेव्हा हेडक्लार्क साहेबांनी पहिल्याच आठवड्यात एक शिस्त लावली होती. आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक हे चार आकडे जुळल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. दहा रुपयांचा फरक राहिला तरी तो शोधायचा, कारण दहा रुपयांमागे कधीकधी दहा हजारांची चूक लपलेली असते.

कॉलेजच्या पैशांना मी ही शिस्त इमानाने लावत होतो. घरच्या पैशांना मात्र ती कधी लावलीच नव्हती. २०२१ च्या ऑक्टोबरात लेखापरीक्षण आटोपलं, टेबल मोकळं झालं, आणि त्या दिवशी दुपारी मी माझ्या दोन क्रेडिट कार्डांची मागच्या बारा महिन्यांची बिलं छापून घेतली. एक निळं कार्ड, एक लाल. कार्यालयातल्याच ताळमेळाच्या कागदावर मी चार रकाने पाडले आणि दोन्ही कार्डांचे आकडे मिळून लिहीत गेलो.

आरंभीची शिल्लक १,५८,००० रुपये. वर्षभरातली खरेदी ४१,३०० रुपये. वर्षभरात मी भरलेले पैसे १,०९,८०० रुपये. म्हणजे जेवढी खरेदी केली त्याच्या अडीच पटीहून जास्त मी भरले होते. कर्ज साठ-सत्तर हजारांनी उतरायला हवं होतं. अखेरची शिल्लक होती १,७६,४०० रुपये. ते १८,४०० ने वाढलं होतं.

मधला फरक ८६,९०० रुपयांचा. तो मी प्रत्येक बिलातून वेगळा काढला. व्याज, व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, दोनदा उशीर झाला त्याचा दंड, वार्षिक शुल्क. रुपयाला रुपया जुळला. हिशेब जुळल्याचं समाधान नेहमी वाटतं, त्या दिवशी पोटात खड्डा पडला. माझा हातात येणारा पगार तेव्हा ३१,२०० रुपये होता. जवळजवळ तीन महिन्यांचा पगार एका वर्षात व्याजात गेला होता आणि घरात त्याची एकही वस्तू नव्हती.

कर्ज झालं कसं, हे थोडक्यात सांगतो, कारण त्यात वेगळं काही नाही. कार्ड २०१८ मध्ये कॉलेजात स्टॉल लावून बसलेल्या मुलाकडून घेतलं. फ्रीज, मोबाईल, लग्नकार्यातले आहेर, असं करत थकबाकी चाळीस हजारांपर्यंत गेली. २०२० च्या सप्टेंबरात वडिलांना कोरोना झाला. ऑक्सिजनचा बेड मिळाला, पण आधी अनामत भरा म्हणाले. दोन्ही कार्डं घासली. त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. वडील घरी आले, अजून सकाळी अंगणात पेपर वाचत बसतात. पश्चात्ताप आहे तो त्यानंतरच्या वर्षाचा, कारण ते वर्ष मी डोळे झाकून काढलं.

बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात, एकूण देय आणि किमान देय. मी दर महिन्याला किमान देय भरत होतो आणि आपण हप्ता वेळेवर भरतोय, असं मनाशी समजत होतो. माझ्यासारख्या नोकरदाराला हप्ता म्हटलं की मुद्दल उतरतंय असंच वाटतं. गाडीचा हप्ता, घराचा हप्ता, पतसंस्थेचा हप्ता, सगळे तसेच असतात. किमान देय हा हप्ता नव्हे. पुढे दंड लागू नये आणि खातं थकीत दिसू नये, यासाठी भरायची ती रक्कम.

निळ्या कार्डाचा एका महिन्याचा हिशेब मी त्या कागदाच्या मागे मांडला होता, तो अजून माझ्याकडे आहे. थकबाकी १,१२,४००. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३,९३४ रुपये. त्यावर जीएसटी ७०८. एकूण ४,६४२. किमान देय थकबाकीच्या पाच टक्के, म्हणजे ५,६२०. ते मी भरले की मुद्दलात जायचे फक्त ९७८ रुपये. ‘साडेतीन टक्के’ हा आकडा कानाला लहान वाटतो, कारण आपल्याला व्याज वर्षाचं ऐकायची सवय आहे. वर्षाचं ते बेचाळीस टक्के होतं, आणि जीएसटी धरला तर जवळजवळ पन्नास.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती आणि ती मला माहीतच नव्हती. कार्डावर पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात, असं मी सगळ्यांना सांगायचो. ते मिळतात, पण मागचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच. थकबाकी पुढे ओढली की ही सवलत बंद होते आणि नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू होतं. दोन्ही कार्डांचं मिळून साडेआठ-नऊ हजार किमान देय भरलं की पगार वीस तारखेलाच आटायचा. मग किराणा, पेट्रोल, गॅस कार्डावर. महिन्याला तीन-साडेतीन हजारांची ती खरेदी. मला वाटायचं, याचे पैसे पुढच्या बिलापर्यंत बिनव्याजी वापरतोय. प्रत्यक्षात ज्वारीच्या पोत्यावर मी घरी पोचायच्या आधीच बेचाळीस टक्क्यांचा मीटर पडलेला असायचा. किमान देय भरून मुद्दलात जेवढं जायचं, त्याच्या दुप्पट मी किराण्याच्या रूपाने परत आत घालत होतो. कर्ज वाढायचं कारण तेवढंच.

त्या संध्याकाळी कागद घरी नेला. बायको शिलाईचं काम करते, ब्लाउज, पिको-फॉल. तिला मी आजवर नेमका आकडा सांगितलेला नव्हता. ‘थोडं आहे कार्डाचं’ एवढंच ती जाणून होती. तिने कागद दोनदा वाचला. रडली नाही, बोललीही नाही. मशीनवरचं कापड काढून ठेवलं आणि म्हणाली, “अहो, हे आकडे तुम्ही दुसऱ्याच्या वहीत बघितले असते तर काय केलं असतं?” मी म्हणालो, खर्च आधी थांबवला असता. “मग थांबवा.”

दोन्ही कार्डं तिने शिलाईच्या डब्यात ठेवली. तोडली नाहीत, कारण थकबाकी असेपर्यंत खातं चालूच राहतं आणि कार्ड तोडून ते बंद होत नाही. खरं काम मोबाईलमध्ये होतं. खरेदीच्या तीन ॲपांमध्ये कार्डाचे नंबर साठवलेले होते, ते काढले. मोबाईलचं बिल आणि एक वर्गणी कार्डावरून आपोआप जायची, तीही बंद केली. ही आपोआप जाणारी वर्गणी सुटून राहिली की दोनशे रुपयांवरही तेच व्याज लागतं.

आता प्रश्न मुद्दलाचा. मी आधी कार्डाच्या बँकेलाच फोन करून थकबाकीचे हप्ते पाडून मागितले होते. असे हप्ते कमी व्याजात मिळू शकतात, पण माझे दोन उशीर नोंदलेले होते म्हणून नकार आला. उरली आमची पतसंस्था. या पतसंस्थेची वसुली यादी दर महिन्याला माझ्याच टेबलावर येते. तिच्यातली नावं आणि हप्ते मी पगारपत्रकात अशासकीय कपातीच्या रकान्यात भरतो. आठ वर्षं भरत होतो. त्या यादीत स्वतःचं नाव असावं, असं कधी मनात आलं नाही, कारण कपात झालेला पगार हातात कमी दिसतो आणि कार्डाचा स्वाइप तसा दिसत नाही.

पतसंस्थेचा दर तेव्हा ११ टक्के होता, तोही घटत्या शिलकेवर. एक लाखाचा अर्ज भरला. कारण या रकान्यात लोक ‘घरदुरुस्ती’ लिहितात. मी ‘क्रेडिट कार्डाची परतफेड’ असंच लिहिलं. खरं लिहायचं ठरवलं खरं, पण तो अर्ज घेऊन जामीनदारांकडे जायचं होतं. दोन जामीनदार लागतात आणि कर्जदाराने हप्ता चुकवला तर त्यांच्या पगारातून वसुली होते. म्हणजे ज्याच्याकडे जायचं त्याला सगळं सांगणं भाग.

हेडक्लार्क साहेबांनी अर्ज वाचला आणि ताळमेळाचा कागद मागितला. सगळे आकडे पेन्सिलीने खुणा करत तपासले, जसा ते कॉलेजचा ताळमेळ तपासतात तसेच. एक बेरीज पुन्हा करायला लावली. मग सही केली. दुसरी सही आमच्या शिपाईमामांची. त्यांचा पगार माझ्याहून कमी, निवृत्तीला पाच वर्षं राहिलेली. त्यांना विचारायचा मला दोन दिवस धीर झाला नाही. शेवटी चहाच्या वेळी सांगितलं. ते म्हणाले, “आरं, तुझा बाप दवाखान्यात व्हता तवा डबा मीच घिऊन येत हुतो नव्हं? आन इकडं.” चष्मा नव्हता म्हणून सही कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवलं. त्या बोटाखाली छापलेलं होतं की, कर्जदार थकला तर रक्कम माझ्या वेतनातून वसूल करावी. मी ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि सही केली.

दिवाळीच्या सुमारास कर्ज मंजूर झालं. अडीच टक्के भागभांडवलाचे कापून हातात आले ९७,५०० रुपये. दोन्ही कार्डांचा व्याजदर सारखाच, त्यामुळे पैसे कुठेही भरले तरी व्याज तेवढंच वाचणार होतं. मी लाल कार्ड पूर्ण मिटवायचं ठरवलं. त्याचे ६४,००० भरले आणि उरलेले ३३,५०० निळ्यावर. एक खातं संपलं की एक देय तारीख, एक दंडाची शक्यता आणि एक वार्षिक शुल्क संपतं. महिन्याला एकच बिल डोळ्यासमोर राहतं.

लाल कार्ड शून्य झालं असं वाटलं, आणि पुढच्या बिलात १,६५१ रुपये आले. मी चिडून बिल तपासलं तर चूक त्यांची नव्हती. बिल निघालं १८ ऑक्टोबरला, मी पैसे भरले ६ नोव्हेंबरला. मधल्या एकोणीस दिवसांचं व्याज रोजच्या रोज चढत होतं, ते पुढच्या बिलात लागलं. १,३९९ व्याज, वर जीएसटी. असं शेपूट प्रत्येक मिटवलेल्या कार्डामागे येतं. ज्यांना हे ठाऊक नसतं ते कार्ड संपलं म्हणून पुढचं बिल उघडतच नाहीत. मग त्या शेपटावर दंड लागतो आणि वर्षभराने कुठे कर्ज मागायला गेलं की थकबाकीदार म्हणून नाव निघतं. मी ते भरलं, त्यानंतरचं बिल शून्याचं आलं तेव्हा कार्ड बंद करायला सांगितलं आणि काही देणं नसल्याचं पत्र मागून घेतलं.

निळ्यावर आता ७८,९०० राहिले. पतसंस्थेचा हप्ता मुद्दल २,८०० आणि वर शिलकेवरचं व्याज, म्हणजे पहिल्या महिन्यात ३,७१७ रुपये. तो पगारातूनच जायचा. निळ्याला दरमहा ६,००० भरायचे असं ठरलं. पहिल्या महिन्याच्या ६,००० पैकी ३,२५९ व्याज आणि करात गेले, २,७४१ मुद्दलात. पूर्वीच्या ९७८ शी ताडून पाहिल्यावर मला वाटलं, आता वही सरळ चालली. किमान देय दर महिन्याला कमी होत जातं, कारण थकबाकी कमी होते. त्याच्यामागे आपणही रक्कम कमी करत गेलो तर आयुष्य जातं. म्हणून मी सहा हजार हा आकडा धरून ठेवला आणि बिलावरच्या त्या रकान्याकडे बघणं सोडलं.

भरण्याची तारीखही बदलली. पूर्वी शेवटच्या दिवशी भरायचो. व्याज रोजच्या शिलकेवर लागतं, तर पगार झाला त्याच दिवशी भरलेले सहा हजार, पंधरा दिवसांनी भरलेल्या सहा हजारांपेक्षा सव्वाशे रुपये वाचवतात. बायकोचे शिलाईचे चारशे-पाचशे जमले की तेही लगेच भरायचो. महिन्यातून कितीदाही भरता येतं, कुणी अडवत नाही.

एका गोष्टीवर हेडक्लार्क साहेबांशी माझं जमलं नाही. मी दर महिन्याला एक हजार रुपये पोस्टाच्या बचत खात्यात टाकत होतो. साहेब म्हणाले, बेचाळीस टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना चार टक्क्यांवर पैसे ठेवणं हा हिशेब नव्हे. आकड्यांनी ते बरोबर होते. पण मी बारा महिन्यांची बिलं वाचली होती. घरात रोख नसली की पुढचं आजारपण पुन्हा कार्डावरच जाणार, हे त्यांत लिहिलेलं होतं. मी हजार रुपये टाकत राहिलो.

२०२२ च्या जूनमध्ये मात्र माझ्या हातून चूक झाली. वरून अनुदान उशिरा आल्याने पगार लांबला. पगारपत्रक मीच केलेलं, देयक गेलेलं, मंजुरी झालेली, आज येईल उद्या येईल करत मी थांबलो. कार्डाची देय तारीख आठ होती. पगार सतरा तारखेला आला. दंड १,३०० आणि त्यावर जीएसटी धरून १,५३४ रुपये. दंड टाळायला लागणारी रक्कम होती साधारण २,८०० आणि पोस्टात आठ हजार पडलेले होते! पोस्ट कॉलेजपासून दहा मिनिटांवर. ही एकच वेळ किमान देय भरण्याची होती, ज्यासाठी ती रक्कम असते, आणि नेमकी तीच मी हुकवली.

त्याच आठवड्यात वसुलीचा फोन कार्यालयाच्या फोनवर आला, कारण २०१८ च्या अर्जात मी तोच नंबर दिला होता. फोन घेतला साहेबांनी. पलीकडच्या मुलीने माझं नाव घेऊन थकबाकी सांगितली. साहेबांनी “निरोप देतो” एवढंच म्हणून ठेवला. ते काही बोलले नाहीत. जामीनदार म्हणून त्यांची सही एका कागदावर होती आणि तो फोन दुसऱ्या कर्जाचा होता, तरी मला त्यांच्याकडे बघवेना. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन काय झालं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तारीख बदलून मिळत नाही का?”

मिळते. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या एप्रिलमध्ये कार्डांसाठी जे निर्देश काढले, त्यांत कार्डधारकाला बिलाचं चक्र एकदा बदलून घेण्याची सोय दिली होती. पगार एक तारखेच्या आगेमागे होणाऱ्या माणसाने देय तारीख महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घेतली तर लांबलेल्या पगारालाही जागा राहते. मी बँकेला लेखी कळवलं, दोनदा पाठपुरावा केला आणि देय तारीख पंचवीस करून घेतली. त्यानंतर उशीर झाला नाही. कार्यालयाचा नंबर काढून माझा मोबाईल नंबर दिला तो वेगळाच.

जुलैत वेतनवाढ लागली. दंड धरून थकबाकी पंचावन्न हजारांच्या आसपास होती. सहाचे सात हजार केले.

सप्टेंबरात लेकीला ताप आला. तिसऱ्या दिवशी प्लेटलेट उतरल्या, डेंग्यू निघाला. चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. बिल ९,४०० झालं. काउंटरवरच्या मुलाने सवयीने मशीन पुढे केलं. दोन वर्षांपूर्वी त्याच काउंटरवर मी दोन्ही कार्डं एकापाठोपाठ एक दिली होती. आता पोस्टातून काढून आणलेल्या नोटा मोजून दिल्या. पासबुकात ११,००० होते, १,६०० उरले. बायको शेजारी लेकीचा हात धरून उभी होती. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, “पावती नीट ठेवा.” इतकंच. घरी आल्यावर मी ती पावती ताळमेळाच्या कागदाला टाचली. पोस्टात पुढच्या महिन्यापासून पुन्हा हजार.

डिसेंबरच्या अखेरीला निळ्या कार्डाची थकबाकी २३,६६४ होती. जानेवारीत भरायला बसलो आणि नेहमीप्रमाणे आधी व्याज काढलं. साडेतीन टक्क्यांनी ८२८, जीएसटी १४९, एकूण ९७७. आकडा ओळखीचा वाटला म्हणून जुना कागद काढला. सव्वा वर्षापूर्वी भरलेल्या ५,६२० मधून ९७८ तेवढे मुद्दलात जात होते आणि बाकी सगळं व्याजात. आता भरलेल्या सात हजारांतून ९७७ तेवढे व्याजात आणि बाकी सहा हजार मुद्दलात. मी दोन्ही कागद बायकोपुढे ठेवले. तिने कात्री खाली ठेवून दोन्ही आकड्यांवर बोट फिरवलं.

एप्रिल २०२३ मध्ये पाच हजारांच्या आसपासचा शेवटचा भरणा केला. शेपूट येणार हे ठाऊक होतं, ते पुढच्या बिलात आलं, भरलं. मग कार्ड बंद करण्याचा अर्ज. फोनवरच्या माणसाने मर्यादा वाढवून देऊ, वार्षिक शुल्क माफ करू, असं पाच-सहा मिनिटं सांगितलं. रिझर्व्ह बँकेच्या त्याच निर्देशांत लिहिलेलं होतं की, थकबाकी नसेल तर बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी करावी लागते, नाहीतर खातं बंद होईपर्यंत दर दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. मी हे शांतपणे सांगितलं आणि विनंती ईमेलवरही पाठवली, म्हणजे तारीख राहते. पाचव्या दिवशी बंद झाल्याचा संदेश आला.

राहिली पतसंस्था. निळ्याचे सात हजार मोकळे झाले होते आणि पतसंस्थेचे ४४ हजार बाकी होते. एकदम फेडून टाकावं का, हा विचार केला. पण अकरा टक्के आणि बेचाळीस टक्के यांत घाई करायचं कारण सारखं नसतं. लेक दहावीत जाणार होती. मी हप्ता चालू ठेवला आणि सात हजारांतले पाच दर महिन्याला बाजूला काढले. तीन वर्षांत त्या लाखाचं एकूण व्याज १६,८३० रुपये झालं. तेच एक लाख कार्डावर नुसते पडून राहिले असते तर एका वर्षात साडेएकोणपन्नास हजार लागले असते.

छत्तिसावी कपात ऑक्टोबर २०२४ च्या पगारपत्रकात होती. शेवटचे २,००० मुद्दल आणि १८ रुपये व्याज. वसुली यादीवरून तो आकडा मी माझ्या नावापुढे भरला, साहेबांनी यादी तपासून खूण केली.

दिवाळीनंतर शिपाईमामा माझ्या टेबलाशी आले. निवृत्तीला दोन वर्षं, धाकट्या लेकीचं लग्न ठरलेलं. हातात पतसंस्थेचा कर्ज-अर्ज. “जामीनदार पायजे,” म्हणाले. मी अर्ज घेतला, पण सही करायच्या आधी त्यांना बसायला खुर्ची दिली. दोन वर्षांत निवृत्ती असेल तर चोवीस हप्त्यांतच फेडावं लागणार, म्हणजे महिन्याचा हप्ता मोठा बसणार. बाकीच्या कपाती जाऊन त्यांच्या हातात किती उरतं ते पगारपत्रकात बघावं लागणार होतं.

“किती मागितलेत मामा?”

“दोन लाख. पोरगा म्हनतो, उरल्यालं कार्डावर बगू.”

मी ड्रॉवरमधून ताळमेळाचा एक कोरा कागद काढला आणि त्यांच्यासमोर चार रकाने पाडायला घेतले.